किल्ला कोणता, हे न विचारता

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते, आणि आपल्या घराघरांतील मोबाइलवर छायाचित्रांची आवक एकदम वाढते. कोणी पालिताण्याला गेलेले असते, कोणी राणकपूरला. वाटेत उदयपूर, चित्तोड, जैसलमेर होते. मुलामुलींची महाविद्यालयीन मंडळी सह्याद्रीत कोठेतरी चढलेली असते. मंदिराचे छायाचित्र आले तर त्याखाली मूलनायक भगवंतांचे नाव व गाव आवर्जून लिहिलेले असते. परंतु किल्ल्याच्या छायाचित्राला हा मान मिळत नाही. एखादा पडका बुरूज, एखादी कमान, दूरवर डोंगररांग, आणि खाली एवढेच शब्द : ‘काय ते दिवस असतील!’ किंवा ‘शांत वाटले.’ किंवा नुसते ‘पाहा.’

अशा मोघम शब्दांना उत्तर काय द्यावे? बहुतेक घरांत एकच उत्तर दिले जाते, ते म्हणजे किल्ल्याचे नाव ओळखण्याचा प्रयत्न. ‘वसई का?’ ‘हा तर दौलताबाद!’ ‘लोकेशन टाका.’ आपण कोपर-डोंबिवलीकर या बाबतीत विशेष ठरलेले आहोत. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी मिळते, त्यामुळे शाळेच्या सहलीपासून वसईचा किल्ला आपल्या डोळ्यांत बसलेला असतो. आणि कल्याणला जाता-येता खाडीकाठचा दुर्गाडी ठाऊक असतो. म्हणून समुद्राचे पाणी दिसले की वसई आणि खाडीसारखे पाणी दिसले की दुर्गाडी, असा आपला ठोकताळा असतो. अशा अंदाजातून छायाचित्राची माहिती फारशी मिळत नाही; अंदाज करणारा आजवर कोठे कोठे फिरला आहे, एवढे मात्र त्यातून चांगले कळते.

एका छायाचित्रावरून किल्ला ओळखणे किती कठीण आहे, हे आधी पाहू. सह्याद्रीचा बहुतेक सगळा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. किल्ला बांधताना दगड दुरून आणीत नसत. तेथेच टाकी खोदून जो दगड निघे, तोच तटाला लावीत, आणि त्या खळग्यात पावसाचे पाणी साठवीत. त्यामुळे नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतचे तट दिसायला एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. तांबडा, भोके पडलेला जांभा दगड दिसला तर आपण कोकण म्हणतो. परंतु जांभा गोव्यात आहे, खाली मलबारात आहे, आणि बेळगावच्या बाजूला घाटमाथ्यावरही आहे. पिवळसर वाळूचा दगड दिसला तर जैसलमेर आठवते. पण वालुकाश्माचे किल्ले राजस्थानात आणि मध्य भारतात अनेक आहेत. दगडाच्या रंगावरून मुलूख थोडाफार समजतो, किल्ला समजत नाही. शिवाय आजचे मोबाइल रंग आपल्या मर्जीने खुलवतात. सायंकाळच्या उन्हात काळा दगड तपकिरी दिसतो आणि श्रावणात टिपलेला तट वैशाखातल्या त्याच तटाशी जुळत नाही.

बांधणीचेही तसेच आहे. दोन बुरुजांच्या कवेत लपवलेला, वळण घेतल्याशिवाय समोर न येणारा दरवाजा पाहिला की लोक तत्काळ ‘रायगड’ म्हणतात. रायगडाचा महादरवाजा तसा आहे, हे खरे. परंतु शत्रूला दारावर सरळ चाल करता येऊ नये, हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये, आणि वळणावर थबकलेल्यांवर दोन्ही बुरुजांवरून मारा करता यावा, ही गरज प्रत्येक किल्लेदाराची होती. त्यामुळे ही युक्ती अनेक किल्ल्यांवर आढळते. दारावरच्या शरभाच्या शिल्पावरून बांधणारा कोण, हे सांगू पाहणाऱ्यांची तीच गत होते. किल्ले हातोहात फिरले. एकाने तट बांधला, दुसऱ्याने बुरूज वाढवला, तिसऱ्याने दार बसवले, आणि पुढे पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली. एका भिंतीत चार राजवटींचे दगड असू शकतात.

वसईचेच पाहा. तेथील गोलाकार कमानी, पडक्या चर्चच्या उंच भिंती आणि थडग्यांवरील रोमन लिपीतील लेख हे पोर्तुगीज वळणाचे आहेत. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला जिंकला, हे आपण शाळेत शिकलो. पण याच वळणाचे अवशेष रेवदंड्याला आहेत, कोर्लईला आहेत, दमण आणि दीवलाही आहेत. म्हणून ‘ही पोर्तुगीज धाटणी वाटते’ येथवर म्हणणे योग्य आहे. त्यापुढे ‘म्हणजे वसईच’ हे म्हणणे योग्य नाही. बँकेत सही तपासताना नमुन्याचे कार्ड समोर ठेवावे लागे. नमुनाच नसेल तर ‘सही जुळते’ असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही हुशार म्हणत नव्हतो.

चुकीच्या नावाने तसे काही बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. आपल्या समाजापुरते एक उदाहरण देतो. चित्तोडगडावर दोन मनोरे आहेत. सुमारे 37 मीटर उंचीचा विजयस्तंभ राणा कुंभाने पंधराव्या शतकात उभारला. त्याहून जुना आणि लहान, सुमारे 22 मीटरचा कीर्तिस्तंभ हा बघेरवाल जातीच्या एका जैन व्यापाऱ्याने उभारलेला असून तो भगवान आदिनाथांना समर्पित आहे. त्याच्या अंगावर दिगंबर मूर्ती कोरलेल्या आहेत. आपल्यापैकी कोणी कीर्तिस्तंभाचे छायाचित्र भक्तिभावाने पाठवावे, आणि खाली पाच जणांनी ‘विजयस्तंभ, राणा कुंभा की जय’ असे लिहावे, हे मी पाहिले आहे. पाठवणाऱ्याने काय करावे? सर्वांना सुधारत बसावे, तर मोठेपणा मिरवल्यासारखे होते. गप्प बसावे, तर चुकीचे नाव घेऊन ते छायाचित्र पुढच्या दहा गटांत जाते. बहुतेक माणसे गप्प बसतात, आणि पुढच्या प्रवासात पाठवीतही नाहीत.

नाव न लिहिण्यामागे पाठवणाऱ्याचा काही हेतू असू शकतो, हेही आपण विसरतो. व्यापारी कुटुंबांनी तर हे विसरूच नये. सव्वाशे-दीडशे माणसांच्या गटात ‘आम्ही सगळे आज अमुक ठिकाणी आहोत’ असे लिहिणे म्हणजे दुकानाचे कुलूप आणि घराची बंद दारे जाहीर करणे होय. जाणती माणसे परत येईपर्यंत ठिकाण लिहीत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवले की फाइलमधील स्थळाची नोंद गळून जाते, ही सोयच आहे. ती नोंद शब्दांतून उकरून काढण्याची घाई आपण का करावी? काही वेळा ठिकाण खाजगी असते. कोणी नवस फेडायला गेलेले असते, कोणी मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेले असते आणि वाटेत किल्ला लागलेला असतो. आणि काही वेळा, मला वाटते पुष्कळ वेळा, पाठवणाऱ्याच्या लेखी किल्ल्याचे नाव महत्त्वाचे नसतेच.

आमच्या विस्तारित कुटुंबातील एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. सर्वांची संमती घेतली आहे. नावे मात्र कोणाचीच लिहीत नाही.

आमचे एक काका एक्याऐंशी वर्षांचे आहेत. आयुष्यभर कापडाचे दुकान सांभाळले, आता ते मुले पाहतात. काका गटावर रोज सकाळी ‘जय जिनेंद्र’ लिहितात, त्यापलीकडे क्वचितच काही. गेल्या फाल्गुनात एका रविवारी सायंकाळी त्यांनी एक छायाचित्र पाठवले. काळ्या दगडाचा उंच दरवाजा. लाकडी दाराची एकच फळी शिल्लक, तिच्यात वाकून जाण्याजोगी लहान दिंडी. आत डाव्या हाताला पहारेकऱ्यांची देवडी आणि तिचा दगडी ओटा. उंबऱ्याजवळ छायाचित्र घेणाऱ्याची लांब सावली. खाली काकांचे तीन शब्द : ‘सगळे तसेच आहे.’

पंधरा मिनिटांत अकरा उत्तरे आली. त्यांपैकी सातांत किल्ल्यांची नावे होती आणि त्या सातांत पाच वेगवेगळे किल्ले होते. एका पुतण्याने ‘शंभर टक्के रायगड’ असे लिहून कोठून तरी आलेला चाळीस ओळींचा इतिहास खाली जोडला. दुसऱ्याने रायगडाचा दरवाजा असा नाही म्हणून दोन छायाचित्रे टाकली. मग त्या दोघांचे जुंपले. एका भाचीने विचारले, ‘काका, तुम्ही तिकडे कसे पोहोचलात? कोणाबरोबर? सांगितले नाहीत!’ एकाने अंगठा दाखवला, दोघांनी हात जोडले. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे ‘जय जिनेंद्र’ आले आणि विषय संपल्यासारखा झाला.

त्याच दुपारी धाकट्या पातीतील एका सूनबाईंनी लिहिले. त्यांचा संदेश मी जपून ठेवला आहे.

‘काका, जय जिनेंद्र. देवडीतल्या ओट्याची कड मधोमध अगदी गुळगुळीत झालेली दिसते, दोन्ही टोकांना मात्र दगड खरबरीत आहे. तुम्ही “तसेच” लिहिले आहे, म्हणून विचारते. तुम्ही पूर्वी पाहिला तेव्हाही तो असाच होता का?’

आता हा संदेश नीट पाहावा. त्यात किल्ल्याचे नाव नाही आणि नाव विचारलेलेही नाही. सूनबाईंनी छायाचित्रातील एक वस्तू निवडली, तीही दरवाजासारखी सर्वांच्या डोळ्यांत भरणारी नव्हे, तर लहान आणि खरोखर दिसणारी. कड मध्ये झिजली आहे, टोकांना नाही, एवढेच त्या म्हणाल्या; ती का झिजली असेल, याचे कारण त्यांनी स्वतः सुचवले नाही. पुढे त्यांनी काकांचाच शब्द हाती घेतला. ‘तसेच’ या शब्दात दोन काळ आहेत : एक आजचा आणि एक पूर्वीचा. तो शब्द लिहिणारा माणूस तेथे आधी येऊन गेलेला आहे, हे अकरा उत्तरांपैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. आणि शेवटचा प्रश्न असा, की त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, ते काकांनाच ठाऊक. उत्तर द्यायचे नसेल तर ‘हो’ एवढे लिहून सुटताही येते.

काकांनी लिहिले नाही. त्यांनी आवाज मुद्रित करून पाठवला, चार मिनिटांचा. गटातील कित्येकांनी त्यांना एवढे सलग बोलताना प्रथमच ऐकले असेल.

ओटा असाच होता, ते म्हणाले. 1954 च्या सुमाराची गोष्ट. काका तेव्हा दहा वर्षांचे. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, बैलगाडीतून कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगावच्या आठवडे बाजारांना जात. त्यांपैकी एक बाजार या किल्ल्याच्या पायथ्याशी भरे. बाजार उठायला दिवस मावळत येई आणि घर दोन-अडीच तासांच्या वाटेवर. आजोबांचा चौविहार. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, नंतर पाण्याचा थेंबही नाही. बाजारात धूळ, गर्दी, शेजारी मासळीची पाटी. तेथे डबा उघडणे त्यांना रुचत नसे. म्हणून गाडी ओळखीच्या माणसावर सोपवून बापलेक चढण चढून दरवाज्यात येत. देवडीत वारा लागत नसे आणि पश्चिमेचे ऊन आत येत असल्याने सूर्य किती उरला आहे हे बसल्या जागी कळे. भाकरी, डाळीची कोरडी चटणी, कधी गूळ-शेंगदाणे. पाणी घरून आणलेले. ते संपले तर गडावरच्या टाक्यातले, फडक्याने दोनदा गाळून. गाळल्यावर ते फडके पुन्हा त्याच टाक्यात हलकेच खळबळून घ्यायचे, म्हणजे त्यातील जीव आपल्या पाण्यात परत जातात. हे काम काकांचे असे.

जेवण झाले की आजोबा ओट्यावर टेकून दिवसाचा हिशेब तोंडी घालीत. अमुक वार लट्ठा, अमुक भाव, इतके रोख, इतके उधार, बेरीज किती? काकांनी उत्तर द्यायचे. ‘बेरीज चुकली नाही कधी,’ काका म्हणाले, आणि मग क्षणभर मुद्रणात नुसता वारा ऐकू येतो.

त्या वर्षी फाल्गुनातच, त्याच ओट्यावर, आजोबांनी सांगितले की पुढच्या वर्षी शाळा नाही, दुकान. आजोबांची दृष्टी मंदावली होती. दिव्याच्या उजेडात खातेवही दिसेनाशी झाली होती आणि बाहेरचा कारकून ठेवण्याची ऐपत नव्हती. काका वर्गात दुसरे होते. ‘मी काही बोललो नाही. ते पण पुढे काही बोलले नाहीत. आम्ही उतरून खाली आलो.’

आमच्या कुटुंबात काकांविषयी एक वाक्य पिढीजात चालत आले होते : ‘त्यांना शिक्षणाची गोडी नव्हती, धंद्याची होती.’ लग्नसमारंभात, कोणाच्या मुलाचा निकाल लागला की, हे वाक्य थट्टेने बोलले जाई आणि काका हसत. सत्तर वर्षे ते हसले. ते चार मिनिटांचे मुद्रण ऐकल्यावर हे वाक्य पुन्हा उच्चारण्याची कोणाची छाती होईल, असे मला वाटत नाही. काकूंनासुद्धा वर्गातल्या दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट ठाऊक नव्हती.

काकांच्या मनात आजोबांविषयी राग आहे का, हे मी विचारले नाही, आणि मुद्रणात तो ऐकूही येत नाही. ‘सगळे तसेच आहे’ या तीन शब्दांत त्यांनी काय काय ठेवले होते, हे त्यांनाच माहीत. पण पाच किल्ल्यांची नावे आणि चाळीस ओळींचा इतिहास यांपैकी कशालाही त्या शब्दांपर्यंत पोहोचता आले नाही, हे उघड आहे.

त्या सूनबाईंना मी नंतर विचारले, तुम्हांला ओटाच का दिसला? त्या म्हणाल्या, ‘मला किल्ल्यांतले काही कळत नाही. नावे आठवत नाहीत, म्हणून मी जे दिसते तेच पाहत बसले.’ मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. ज्यांना किल्ल्यांतले थोडे कळते, त्यांनी ते ज्ञान दडवावे असे मात्र नव्हे. त्याचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने करता येतो. दारामागच्या भिंतीत समोरासमोर दोन चौकोनी भोके दिसली, तर ती अडसराची असतात. लाकडाचा जाड ओंडका एका भोकात पूर्ण सरकवून ठेवीत आणि दार लावल्यावर ओढून दुसऱ्यात बसवीत. हे ठाऊक असणाऱ्याने लिहावे, ‘अशा दारांना आतून ओंडक्याचा अडसर असे, त्याची भोके तेथे अजून आहेत का?’ तटाला बाहेरून अरुंद आणि आतून रुंद अशा फटी दिसल्या तर त्या जंग्या. त्यांतून बंदुकीचा मारा करीत. विचारावे, ‘त्या फटीतून खालची वाट दिसते का हो?’ गोल चर आणि त्यात उभे दगडी चाक दिसले, तर ती चुन्याची घाणी. बांधकामाचा चुना बैल जुंपून तिच्यात मळीत. ‘अशा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘अशा दारांना’ म्हटले की आपण त्या जातीविषयी बोलतो, त्या एका किल्ल्याविषयी दावा करीत नाही. आणि तेथे उभ्या असलेल्या माणसाला स्वतः पाहून सांगण्यासारखे काही उरते.

हे सर्व प्रसंगी लागू पडते असे नाही. कोणी ‘ओळखा पाहू’ असे लिहूनच पाठवले, तर तो खेळ आहे. खुशाल नावे घ्यावीत, मात्र कशावरून ओळखले तेही लिहावे, म्हणजे खेळात रंगत येते. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरील हत्ती पकडणाऱ्या प्राण्याच्या शिल्पासारखी ठळक खूण असेल, तर ओळखणाऱ्याला शाबासकीही द्यावी. आणि एका वेळी ठिकाण सरळ विचारलेच पाहिजे. आषाढात सायंकाळी पाच वाजता आपल्या घरचे पोर निसटत्या कड्यावरून छायाचित्र पाठवते आणि खाली लिहिते, ‘अजून उतरायचे आहे.’ तेव्हा दगड कोणता नि कमान कशी, हे पाहत बसू नये. कोठे आहात, किती जण आहात, विजेरी आहे का, एवढेच विचारावे, तेही गटावर नव्हे तर फोन करून.

तरुणांच्या छायाचित्रांना उत्तर देताना वडीलधाऱ्यांकडून आणखी एक घडते. पुतणी जैसलमेरच्या गल्लीतला सज्जा टिपून पाठवते, लिहिते, ‘इथे राहावेसे वाटते’; आणि आपण लगेच लिहितो, ‘किल्ल्यातील जैन मंदिरे पाहिलीस का?’ प्रश्न चुकीचा नाही. ती मंदिरे पाहण्यासारखीच आहेत आणि पिवळ्या दगडावरचे तेथील कोरीव काम विसरता येत नाही. पण तिने सज्जा दाखवला आहे आणि आपण तिला हजेरी विचारीत आहोत. ‘राहावेसे’ म्हणणाऱ्या मुलीला आधी विचारावे, त्या सज्जात सकाळचे ऊन येते की दुपारचे? जैसलमेरच्या किल्ल्यात आजही माणसे राहतात. वाळत घातलेले कपडे आणि दाराशी लावलेली दुचाकी छायाचित्राच्या कोपऱ्यात असेल, तर तिच्याविषयी बोलावे. मंदिराचा विषय पुढे आपसूक निघतो.

काकांच्या किल्ल्याचे नाव मला आता ठाऊक आहे. ते त्यांनी सूनबाईंना दूरध्वनीवर सांगितले, त्यांनी काकांना विचारून मला सांगितले. गटावर ते अजून कोणी लिहिलेले नाही, आणि काकांची तशी इच्छा असल्याने मीही येथे लिहीत नाही. त्या गावात आता आपले घर नाही, बाजाराचा वारही बदलला आहे, एवढेच ते म्हणतात.

चैत्रात मोठ्या नातवाला घेऊन ते पुन्हा जाऊन आले. या खेपेला दोन छायाचित्रे आली. एकात ओट्याला टेकवून ठेवलेली त्यांची काठी. खाली वाक्य : ‘ओटा बसका वाटला.’

सूनबाईंनी विचारले, ‘काका, ओटा बसला की तुम्ही उंच झालात?’

काकांचे उत्तर अर्ध्या तासाने आले. त्यांनी नातवाला खाली बसवून पाहायला लावले होते. देवडीपुढे नवी फरसबंदी झाली आहे आणि तिच्याखाली भराव घातलेला आहे; ओट्याचा सर्वांत खालचा थर जवळजवळ पूर्ण गाडला गेला आहे. काठीने मोजले तर वीतभर जमीन वर आली. ‘तेव्हा माझे पाय लोंबकळत असत,’ त्यांनी लिहिले, ‘आता नातवाचे टेकतात. तोही दहा वर्षांचाच आहे.’

दुसऱ्या छायाचित्रात नातू त्या ओट्यावर बसून डबा उघडतो आहे. सावल्या लांब झाल्या आहेत, पण दरवाज्यातून ऊन अजून आत येत आहे.